काउंटरफ्लो डबल पाइप हीट एक्स्चेंजर: एलएमटीडी आला, आता लांबी किती?

प्रश्न: आमच्या छोट्या डेअरीत क्रेट धुण्यासाठी बोअरचं पाणी ताशी १२०० किलो, २८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं आहे. बॉयलरच्या बंद सर्किटमधून ९० अंशांचं गरम पाणी ताशी १००० किलो मिळतं. एसएस ३०४ चे शेड्यूल ४० पाइप घेतलेत, आत एक इंची आणि बाहेर दीड इंची. काउंटरफ्लो करायचा आहे. एलएमटीडी २६.७ आला. पण यू साठी एक फॅब्रिकेटर १५०० धरा म्हणतो, दुसरा ८०० च्या वर जाऊ नका म्हणतो. लांबी किती ठेवू? आणि कुठलं पाणी आत, कुठलं बाहेर?

उत्तर:

तीन-तीन मीटरचे दोन पाय असलेल्या चार हेअरपिन एकापुढे एक जोडा, म्हणजे २४ मीटर. बोअरचं पाणी आतल्या पाइपात, बॉयलरचं पाणी दोन पाइपांमधल्या रिंगमध्ये. तुमचे दोन्ही फॅब्रिकेटर आपापल्या जागी बरोबर आहेत. एक जण स्वच्छ तांब्याच्या पाइपाचा आकडा सांगतोय, दुसरा काही महिने चाललेल्या एक्स्चेंजरचा. तुमचा पाइप तांब्याचा नाही आणि बोअरचं पाणी तो स्वच्छ राहू देणार नाही, म्हणून दुसऱ्याच्या जवळ जायचं. किती जवळ, ते मोजता येतं.

आधी एलएमटीडी तपासू. थंड बाजूला लागणारी उष्णता काढायची आणि तेवढीच गरम बाजूने सोडली, असं धरून गरम पाण्याचं परतीचं तापमान काढायचं.

```
Q = (1200/3600) × 4.18 × (60 − 28) = 44.6 kW
गरम परत = 90 − 44.6 / ((1000/3600) × 4.19) = 51.7 °C

ΔT1 = 90 − 60   = 30.0
ΔT2 = 51.7 − 28 = 23.7
LMTD = (ΔT1 − ΔT2) / ln(ΔT1/ΔT2) = 6.3 / 0.236 = 26.7
```

तुमचा आकडा बरोबर आहे. इथे साधी सरासरीसुद्धा २६.९ येते, मग लॉगचा खटाटोप कशाला, असं वाटेल. दोन टोकांचे फरक जवळजवळ सारखे असले की सरासरी चालून जाते. एक फरक दुसऱ्याच्या दुप्पट झाला की ती ४ टक्के जास्त दाखवते, चौपट झाला की १५ टक्के, आणि तेवढ्या प्रमाणात तुमची लांबी कमी पडते. पाइपाच्या प्रत्येक तुकड्यात किती उष्णता जाईल, हे त्या जागच्या तापमानफरकावर ठरतं. त्यामुळे फरक लांबीबरोबर सरळ रेषेत न बदलता वक्राने बदलतो आणि त्या वक्राची खरी सरासरी लॉगनेच मिळते. एक्सेलमध्ये करत असाल तर `LN` वापरा. नुसतं `LOG` लिहिलं तर एक्सेल १० च्या पायाचा लॉग घेतं, एलएमटीडी २.३ पट फुगतो आणि लांबी निम्म्याहूनही कमी निघते. दोन्ही टोकांचे फरक नेमके सारखे आले तर सूत्र शून्य भागिले शून्य होतं. तेव्हा तो फरक हाच एलएमटीडी.

आता वरच्या आकड्यांत एक गोष्ट बघा. गरम पाणी ५१.७ ला परत जातंय आणि थंड पाणी ६० ला बाहेर पडतंय. म्हणजे ज्याने उष्णता दिली ते घेणाऱ्यापेक्षा गार होऊन निघालं. हे फक्त काउंटरफ्लोमध्ये होऊ शकतं. दोन्ही पाणी एकाच दिशेने वाहिलं तर पाइप कितीही लांब केला तरी दोघं फार तर एकाच तापमानाला येऊन थांबतील. तुमच्या प्रवाहांसाठी ते तापमान ५६.२ अंश आहे. म्हणून पाइपिंग करणाऱ्याला कोणतं नोझल कशाला जोडायचं हे खडूने पाइपावर लिहून द्या. चारही हेअरपिनमधून थंड पाणी ज्या क्रमाने जाईल, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने गरम पाणी गेलं पाहिजे. रिंगची दोन टोकं अदलाबदल झाली तर हाच एक्स्चेंजर ५४ ते ५६ अंशांवर अडकतो. मग पंप, बॉयलर, पाइपाची जाडी अशा सगळ्यांवर संशय घेतला जातो, जोडणीवर मात्र नाही. ओळखायची खूण सोपी आहे: थंड पाण्याचं बाहेर पडण्याचं तापमान गरम पाण्याच्या परतीपेक्षा वर गेलेलं दिसलं तर जोडणी नक्की उलट दिशेची, म्हणजे हवी तशी आहे. ते कधीच वर जात नसेल तर आधी नोझल बघा.

आता यू कडे वळू. उष्णतेला गरम पाण्यापासून थंड पाण्यापर्यंत जाताना एकापाठोपाठ एक अडथळे लागतात. गरम बाजूचा पाण्याचा पातळ थर, त्या बाजूचा मळ, स्टीलची भिंत, थंड बाजूचा क्षार आणि थंड पाण्याचा थर. या सगळ्यांची बेरीज म्हणजे १/यू. म्हणून यू हा कुणाच्या अनुभवावरून उचलायचा आकडा नसून तुमच्या पाइपासाठी आणि तुमच्या पाण्यासाठी करायची बेरीज आहे.

आतल्या पाइपाचा आतला व्यास २६.६ मिमी. तुमच्या प्रवाहाला त्यात पाण्याचा वेग ०.६ मीटर प्रति सेकंद येतो. ४४ अंशांच्या सरासरी तापमानाला रेनॉल्ड्स संख्या २६ हजारांच्या आसपास जाते, म्हणजे प्रवाह नीट खळबळता आहे. अशा प्रवाहासाठी नेहमीचं सूत्र चालतं:

```
Nu = 0.023 × Re^0.8 × Pr^n     (पाणी तापत असेल तर n = 0.4, निवत असेल तर 0.3)
```

त्यातून आतल्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक ३२७० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश येतो. रिंगमध्ये वेग ०.६५ मीटर प्रति सेकंद आहे. तिथे व्यास कोणता धरायचा यावर नेहमी गोंधळ होतो. प्रेशर ड्रॉपसाठी दोन व्यासांचा फरक घ्यायचा, म्हणजे ४०.९ वजा ३३.४, बरोबर ७.५ मिमी. उष्णतेसाठी मात्र ती फक्त आतल्या पाइपाच्या पृष्ठभागातून जाते, म्हणून काही जण क्षेत्रफळाच्या चौपटीला त्या एकाच पृष्ठभागाच्या परिघाने भागतात. तो व्यास १६.७ मिमी येतो. पहिल्याने गुणांक ४८८० येतो, दुसऱ्याने ४१६०. मी कमी येणारा घेतो. पुढे दिसेल की या फरकाने एकूण उत्तर फारसं हलत नाही.

सगळे अडथळे आतल्या पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला धरून मांडतो. त्यामुळे आतल्या बाजूच्या आकड्यांना ३३.४/२६.६ ने गुणलं आहे.

```
थंड पाण्याचा थर        0.000383
स्टीलची भिंत           0.000236
गरम पाण्याचा थर        0.000241
---------------------------------
स्वच्छ एकूण            0.000860   →  U = 1163

बोअरचा क्षार           0.000439
बॉयलर पाण्याचा मळ      0.000100
---------------------------------
मळलेलं एकूण            0.001399   →  U = 715
```

या आकड्यांपाशी जरा थांबा. शेड्यूल ४० ची ३.४ मिमी जाडीची स्टेनलेसची भिंत गरम पाण्याच्या अख्ख्या थराइतकाच अडथळा करते आहे. स्टेनलेसची उष्णतावाहकता १६ च्या आसपास, तांब्याची साधारण ३९० आहे. पुस्तकी उदाहरणांत भिंत सर्रास सोडून देतात, कारण तिथे पाइप पातळ तांब्याचा असतो. तुमच्या बेरजेतून भिंत काढून टाकली तर स्वच्छ यू १६०० येतो. तुमच्या पहिल्या फॅब्रिकेटरचा १५०० इथून आला. पाइप अजून कापले नसतील तर आतला पाइप शेड्यूल १० चा बदलून घ्या. दाब इतका कमी आहे की जाड भिंतीची गरजच नाही.

दुसरी गोष्ट क्षाराची. सगळ्यात मोठा अडथळा तोच आहे आणि पहिल्या दिवशी तो नसतोच. बोअरच्या पाण्यासाठी मी मूळ आकडा ०.०००३५ धरला. पाणी फार जड असेल, बादलीला पांढरी कड लवकर धरत असेल, तर ०.०००५ धरावा लागेल. मग यू ६३० च्या आसपास येईल आणि एक हेअरपिन वाढेल. शक्य असेल तर पाण्याचा कडकपणा तपासून घ्या. लांबी ठरवताना त्या एका रिपोर्टचा उपयोग माझ्या बाकीच्या सगळ्या दशांश स्थळांपेक्षा जास्त आहे.

आता लांबी:

```
A = Q / (U × LMTD) = 44600 / (715 × 26.7) = 2.34 m²
दर मीटर पृष्ठभाग = π × 0.0334 = 0.105 m²
L = 2.34 / 0.105 ≈ 22.3 m
```

पाइप सहा मीटरच्या लांबीत येतो. मधोमध कापून दोन पाय केले की एक हेअरपिन, म्हणजे चार हेअरपिनला २४ मीटर. बेंडची लांबी यात धरू नका. तिथे बहुधा रिंग नसते, आतला पाइप उघडाच वळतो. मळलेल्या स्थितीतही हातात ७-८ टक्के जास्त राहतात, तेवढं पुरे. यावर आणखी २५ टक्के ‘सेफ्टी’ लावायचा मोह आवरा, त्याचं कारण पुढे येतंच. स्वच्छ यू धरून काढलं असतं तर १३.७ मीटर आलं असतं. तो एक्स्चेंजर पहिले काही आठवडे उत्तम चालला असता आणि मग रोज थोडा थोडा गार होत गेला असता.

सूत्रामागची गृहीतकंही एका दमात सांगतो. यू सगळ्या लांबीभर सारखा, प्रवाह स्थिर, बाहेर उष्णता जात नाही. चारही हेअरपिन एकापुढे एक असतील तोवर प्रवाह शुद्ध काउंटरफ्लो राहतो आणि एलएमटीडीला कुठलाही दुरुस्ती गुणांक लागत नाही. प्रेशर कमी करायला कुणी एका बाजूच्या दोन हेअरपिन समांतर जोडल्या तर हे गणित मोडतं. तशी गरज तुम्हाला पडू नये. आतल्या पाइपात प्रेशर ड्रॉप बेंड धरून ०.०७ बारच्या आत आहे. रिंगमध्ये सरळ लांबीचाच ०.२३ बार आणि हेअरपिनमधल्या जोड-नळ्या धरून पाव ते तीन दशांश बार होईल. म्हणजे बॉयलरच्या सर्किट पंपाला साधारण तीन मीटर जादा हेड द्यावं लागेल. ते त्याच्या कर्व्हवर बघून घ्या, कारण प्रवाह १००० वरून ७०० वर आला तर ९० अंशांचं पाणी असूनही ४४.६ किलोवॅट मिळवायला ते ३५ अंशांपर्यंत निववावं लागेल, आणि तेवढं तुमच्या २४ मीटरमध्ये होणार नाही.

बोअरचं पाणी आत का, हे आता स्पष्ट व्हावं. पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता घटते, त्यामुळे क्षार तापणाऱ्या बाजूला आणि तिथेही सगळ्यात गरम भिंतीवर बसतो. आतला पाइप सरळ आहे. बेंड फ्लँजने किंवा युनियनने सुटता ठेवला तर लांब दांड्याचा ब्रश आरपार जातो. साडेसात मिमीच्या अर्ध्या फटीत, म्हणजे पावणेचार मिमीच्या रिंगमध्ये, ब्रश घालायची सोय नाही. तिथे फक्त बंद सर्किटचं प्रक्रिया केलेलं पाणीच टिकू शकतं. याची किंमत अशी की गरम पाणी बाहेर असल्याने उष्णता हवेतही जाते. म्हणून बाहेरचा पाइप ग्लासवूलने लपेटा. रिंगच्या सगळ्यात वरच्या जागी एअर व्हेंट द्या. हवा अडकली की वरच्या हेअरपिनचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि लांबी असूनही उपयोगाची राहत नाही.

आता तो ‘सेफ्टी’चा मुद्दा. मळलेल्या स्थितीसाठी बांधलेला एक्स्चेंजर नवा असताना फार जोरात चालतो. स्वच्छ यू ११६३ आणि २४ मीटर धरून हिशेब केला तर तुमचं पाणी ६० ऐवजी ६७ अंशांवर बाहेर पडेल आणि गरम पाणी ४३ ला परतेल. त्या टोकाला आतल्या भिंतीचं तापमान ७७ च्या घरात जातं. म्हणजे क्षार बसेल म्हणून जास्त पृष्ठभाग दिला आणि त्यामुळेच क्षार लवकर बसला. लांबी जितकी वाढवाल तितका हा घोळ वाढतो.

यावर दोन उपाय वापरात आहेत. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आवळून बाहेरचं तापमान ६० वर आणता येतं, पण गरम टोकाला ९० अंशांचं पाणी तसंच येत राहतं आणि भिंत सत्तरच्या वरच राहते. दुसरा उपाय जरा महाग, पण मला तोच पटतो: एक्स्चेंजरच्या आधी थ्री-वे मिक्सिंग व्हॉल्व्ह लावायचा आणि त्यानंतर छोटा पंप. परतीचं थोडं पाणी पुन्हा मिसळून गरम पाणी सुरुवातीला ७९ अंशांवरच आत सोडायचं. प्रवाह पूर्ण राहतो, पाणी बरोबर ६० ला बाहेर पडतं आणि गरम टोकाची भिंत ६८ च्या आसपास उतरते. क्षार बसत गेला की तापमान राखण्यासाठी तोच व्हॉल्व्ह हळूहळू ८५, ८८ अंशांचं पाणी आत घेऊ लागतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की समजायचं, राखीव पृष्ठभाग संपला.

मिक्सिंग व्हॉल्व्ह लावला नाही तर चारही टोकांना थर्मामीटरसाठी वेल बसवून घ्या आणि बोअरच्या लाइनीवर पाण्याचं मीटर ठेवा. समजा काही महिन्यांनी थंड पाणी ५८ ला बाहेर पडतंय आणि गरम ५४.१ ला परततंय. दोन्ही बाजूंची उष्णता वेगवेगळी काढा. ती चार-पाच टक्क्यांच्या आत जुळली नाही तर तुमचा एखादा आकडा खोटा आहे, बहुधा प्रवाहाचा. गरम बाजूचं मीटर लिटर दाखवत असेल तर लक्षात ठेवा, ९० अंशांच्या १००० लिटर पाण्याचं वजन ९६५ किलोच भरतं. आकडे जुळले तर उष्णता ४१.८ किलोवॅट, एलएमटीडी २९ आणि पृष्ठभाग २.५२ चौरस मीटर. त्यावरून यू ५७० च्या आसपास येतो. एलएमटीडी वाढलेला बघून खूश होऊ नका. तो वाढलाय कारण उष्णता जात नाहीये. ५७० म्हणजे आपण धरलेल्या ७१५ च्या खाली गेलो, साफसफाई राहून गेली आहे.

साफ करताना बेंड सोडून गरम टोकाकडून, म्हणजे बोअरचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथून ब्रश घाला. जाड थर तिथेच असतो. ब्रशने न निघणाऱ्या थरासाठी सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिडचं सौम्य द्रावण फिरवा आणि बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुऊन काढा. बाथरूम साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त मिळतं, क्षारही झटकन विरघळवतं. पण त्यातलं क्लोराइड ३०४ ला टोचे पाडतं, आणि ते टोचे बहुतेक वेळा वेल्डच्या कडेला आधी दिसतात.